रीटचिंग आणि स्वतःबद्दलची प्रतिमा: १३ ते १५ वयोगटासाठी दोन तासिकांचा आराखडा

प्रश्न: १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी फोटो रीटचिंग आणि त्यामुळे स्वतःच्या दिसण्याबद्दल येणारं दडपण या विषयावर तासिका घ्यायची आहे. आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवून झाला की मुलं ‘हो, सगळं फेक असतं’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. ४५ मिनिटांच्या दोन तासिका मिळतील. नेमकं काय आणि कसं घ्यावं?

उत्तर:

मुलांचं ‘सगळं फेक असतं’ हे वाक्य खरं आहे, पण ते कळल्याने फारसा फरक पडत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलची अंगकाठी बदललेल्या जाहिरातीवर ‘फोटो रीटच केलेला आहे’ असं लिहावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून अशा जाहिरातीवर ठरावीक शिक्का लागतो आणि तो चित्राचा सुमारे ७ टक्के भाग व्यापतो. पण अशा सूचनांवर जे प्रयोग झाले, त्यांतल्या बहुतेकांत सूचना वाचूनही पाहणाऱ्याची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी झाली नाही. तुलना डोळ्यांपाशीच होऊन जाते, ‘हे खोटं आहे’ हा विचार मागाहून येतो. म्हणून पहिल्या तासिकेत रीटचिंग कसं होतं ते दाखवा, पण खरा भर दुसऱ्या तासिकेवर ठेवा. तिथे मुलांनी स्वतः बोलायचं आणि लिहायचं आहे.

आधी फोटोची निवड. वर्गातल्या कोणाचाही फोटो वापरायचा नाही, स्वखुशीने दिला तरी नाही. एका मुलीच्या चेहऱ्यावर तीस जणांनी ‘इथे काय बदलता येईल’ असं बोट ठेवलं की ते तिच्या लक्षात वर्षानुवर्षं राहतं. शिक्षकांचा फोटोही नको, ओळखीचा चेहरा आला की शेरेबाजी सुरू होते. प्रसिद्ध नटनट्यांचे फोटो टाळा, कारण मग चर्चा त्या व्यक्तीकडे वळते. बदल करायला परवानगी असलेल्या मुक्त परवान्याचे, अनोळखी प्रौढांचे दोन फोटो शोधा, एक स्त्री आणि एक पुरुष. फोटो किमान २००० पिक्सेल रुंद असावा, उजेड एका बाजूने आलेला असावा म्हणजे त्वचेचा पोत दिसतो, आणि मागे दाराची चौकट किंवा फरशीसारख्या सरळ रेषा असाव्यात. या रेषा पुढे कामाला येतात. पुरुषाचा फोटो वगळू नका. जबडा टोकदार करणं, खांदे रुंद करणं, पोटावरच्या सावल्या गडद करणं हे मुलग्यांच्या बाबतीतही होतं, आणि त्यांना ते बोलायला शब्द कमी मिळतात.

बदल तुम्ही घरी आधीच करून ठेवा. मुलांना वर्गात एडिटिंग करायला लावण्याचा मोह होतो, पण माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. काय शिकलो म्हणून ती घरी जाऊन तेच स्वतःच्या चेहऱ्यावर करून पाहणार. त्याच कारणासाठी अ‍ॅप्सची नावंही फळ्यावर लिहू नका.

तुमच्या तयारीसाठी मोफत मिळणारा GIMP हा फोटो एडिटर पुरेसा आहे. फोटो उघडा आणि Layer → Duplicate Layer ने त्याची प्रत वर ठेवा. सगळे बदल वरच्या प्रतीवरच करायचे. पुढचं उदाहरण चेहरा सुमारे ९०० पिक्सेल रुंद असलेल्या फोटोचं आहे.

Heal हे टूल घ्या, Ctrl धरून शेजारच्या त्वचेवर एकदा क्लिक करा आणि गालावरचे दोन-तीन पुरळ पुसा. मग गाल, कपाळ आणि हनुवटी निवडून Filters → Blur → Selective Gaussian Blur लावा. Blur radius १२ आणि Max. delta ०.१० पासून सुरुवात करा, आणि पोत जाऊन भुवया शाबूत राहतील असं बसवून घ्या. हे फिल्टर काय करतं ते मुलांना नक्की सांगा, कारण ‘स्मूथ स्किन’ म्हणजे काय याचं उत्तर त्यातच आहे. प्रत्येक ठिपक्याची शेजारच्या ठिपक्यांशी सरासरी काढली जाते, पण शेजारी फार वेगळा असेल तर त्याला सोडून दिलं जातं. त्वचेवरची रंध्रं आजूबाजूपेक्षा किंचितच गडद असतात, म्हणून ती सरासरीत विरघळतात. भुवयांचा केस त्वचेपेक्षा खूप गडद असतो, म्हणून तो टिकतो. परिणामी गाल गुळगुळीत आणि भुवया मात्र धारदार, असा चेहरा तयार होतो. नुसता फोकस चुकला असता तर दोन्ही एकसारखे पुसट झाले असते.

त्यानंतर Select → None ने निवड काढून टाका, Warp Transform घ्या आणि जबड्याची कड दोन्ही बाजूंनी साधारण १२ पिक्सेल आत ढकला. डोळे जरासे मोठे करा. Enter दाबल्याशिवाय हा बदल पक्का होत नाही. शेवटी त्वचा उजळ करणं, पण ते या फाइलमध्ये करू नका, त्याची वेगळी प्रत ठेवा. कारण पुढच्या पायरीत कळेल.

आता वरच्या लेयरचा Mode बदलून Difference करा. जिथे दोन्ही लेयर सारखे आहेत तिथे पडदा पूर्ण काळा होतो आणि जिथे बदल आहे तेवढंच उजळतं. चित्र फार अंधारं वाटलं तर Layer → New from Visible आणि मग Colors → Auto → Stretch Contrast. समोर जे येतं ते मोठ्या पडद्यावर पाहण्यासारखं असतं. सगळीकडे काळोख, त्यात जबड्याच्या दोन्ही कडांना चंद्रकोरीसारख्या दोन बारीक उजळ रेघा, डोळ्यांभोवती दुहेरी कड, आणि गालांच्या जागी धुळीसारखे बारीक ठिपके. ती धूळ म्हणजे पुसून टाकलेली रंध्रं. कानाशेजारी दाराची चौकट असेल तर तिच्यावरही एक उजळ रेघ दिसते, कारण जबडा आत ढकलताना चौकटही वाकली. त्वचा उजळ करण्याचा बदल याच फाइलमध्ये असता तर अख्खा चेहरा उजळून निघाला असता आणि हे बारीक बदल त्यात बुडाले असते. दुसरी हमखास होणारी चूक म्हणजे दोन वेगवेगळ्या JPG फाइल घेऊन तुलना करणं. JPG साठवताना सगळीकडे थोडा फरक पडतो, मग पार्श्वभूमीही चमकायला लागते आणि न केलेले बदल दिसू लागतात.

पहिली तासिका

पहिली १० मिनिटं चेहऱ्याऐवजी दोन सारख्या कपांना द्या. एक कप टेबलावर ठेवा, दुसरा त्याच्या १० सेंटिमीटर मागे, थोडा बाजूला. फोनने पुढच्या कपापासून ३० सेंटिमीटरवरून फोटो घ्या, मग १५० सेंटिमीटरवरून. दुसरा फोटो नंतर कापून कप पहिल्याएवढा मोठा करा, घेताना झूम लावू नका. मुलांना गणित करू द्या. जवळून मागचा कप ४० सेंटिमीटरवर आणि पुढचा ३० वर आहे, म्हणून पुढचा ४० भागिले ३०, म्हणजे सुमारे ३३ टक्के मोठा दिसतो. लांबून १६० भागिले १५०, म्हणजे फक्त ७ टक्के. आता पुढच्या कपाच्या जागी नाक आणि मागच्याच्या जागी कान समजा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान बारीक का दिसतात ते मुलं स्वतःच सांगतात. २०१८ साली चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या एका वैद्यकीय नियतकालिकात हाच हिशेब छापून आला: ३० सेंटिमीटरवरून नाकाची रुंदी दीड मीटरच्या तुलनेत सुमारे ३० टक्के जास्त दिसते. म्हणजे ज्या नाकावर मुलं नाराज असतात ते काही वेळा कॅमेऱ्याने बनवलेलं असतं. कोणतंही एडिटिंग न करता काढलेला फोटोही चेहऱ्याची हुबेहूब प्रत नसतो, हे इथे पक्कं होतं.

याला जोडून आरशाची गोष्ट दोन मिनिटांत सांगा. आपण स्वतःला आरशात उलटं पाहतो, आणि रोज तेच पाहिल्याने तेच बरोबर वाटतं. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ फोटो. ‘फोटोत मी वेगळीच दिसते’ यातला बराच भाग एवढाच असतो.

पुढची २० मिनिटं तयार केलेल्या फोटोला. आधी बदललेला फोटो दाखवा आणि चार-चारच्या गटांना ३ मिनिटांत ‘काय बदललं असेल’ ते लिहायला सांगा. मग मूळ फोटो, मग Difference. क्रम हाच ठेवा आणि शेवटी मूळ फोटो पुन्हा पडद्यावर आणा. चर्चा होत असताना जो चेहरा समोर राहतो तोच डोळ्यांना सवयीचा होतो.

बहुतेक गटांना पुरळ आणि गुळगुळीत त्वचा सापडेल, जबडा क्वचितच. नेदरलँड्समध्ये १४ ते १८ वर्षांच्या १४४ मुलींबरोबर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. फिल्टर ओळखू आले, पण शरीराचा आकार बदललेला फारसा लक्षात आला नाही, आणि ते फोटो मुलींना वास्तवाला धरून वाटले. शिवाय हे फोटो पाहून मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत खाली आलं, विशेषतः ज्यांना इतरांशी तुलना करायची सवय होती त्यांचं. जबडा का सापडत नाही ते मोजूनच दाखवा. खरा चेहरा साधारण १४ सेंटिमीटर रुंद धरला तर ९०० पिक्सेलपैकी १२ पिक्सेल म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून ४ मिलिमीटरसुद्धा नाही. एवढ्या बदलाला डोळा पकडू शकत नाही, पण ‘हा चेहरा जास्त छान’ हे मात्र लगेच वाटतं.

इथे एक प्रश्न चुकूनही विचारू नका: ‘दोन्हींपैकी कोणता चांगला दिसतो?’ वर्ग बदललेल्याला मत देईल आणि तुम्ही त्याची नोंद केल्यासारखं होईल. ‘काय बदललं, आणि ते बदलायचं कोणी ठरवलं असेल?’ एवढंच विचारा.

आणि शब्द जपा, स्वतःचेही. ‘चेहरा क्लीन केला’, ‘डाग काढला’, ‘स्किन सुधारली’, ‘क्लिअर स्किन’ असं बोलताना आपण त्वचेला आधीच अस्वच्छ आणि बिघडलेली ठरवून टाकतो. समोर मुरूम आलेली पाच-सहा मुलं तरी बसलेली असतातच. ‘पुसलं’, ‘हलवलं’, ‘उजळ केलं’, ‘लहान केलं’ अशी नुसती कृती सांगणारी क्रियापदं वापरा. मुलांच्या तोंडून ‘दुरुस्त केलं’ आलं की थांबून विचारा, ‘बिघडलेलं काय होतं?’ पहिल्या तासिकेतला सगळ्यांत कामाचा संवाद बहुधा इथून सुरू होतो. त्वचा उजळ केलेली वेगळी प्रत याच वेळी दाखवा आणि ‘उजळ’ आणि ‘छान’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी कसे वापरतो ते त्यांनाच शोधू द्या.

उरलेल्या वेळात एक मर्यादा न विसरता सांगा. कमी उजेडात फोनचा कॅमेरा फोटोतले रवाळ ठिपके घालवायला आपोआप असंच सरासरी काढण्याचं काम करतो. काही फोनमध्ये चेहरा मऊ करण्याची सोय आधीपासूनच चालू असते. म्हणून गुळगुळीत त्वचा दिसली म्हणजे समोरच्याने मुद्दाम एडिट केलं, असा अर्थ होत नाही. हे राहून गेलं तर दुसऱ्या दिवसापासून मुलं एकमेकांच्या फोटोंखाली ‘फेक’ लिहीत सुटतात आणि तुमच्या तासिकेतून चिडवायला नवं हत्यार मिळतं.

दुसरी तासिका

शक्यतो आठवड्याच्या आत घ्या. सुरुवातीला १० मिनिटं प्रत्येकाने कागदावर, नाव न घालता, दोन वाक्यं पूर्ण करायची: ‘फोटो पोस्ट करण्याआधी मी…’ आणि ‘दुसऱ्यांचे फोटो बघून झाल्यावर मला…’. कागद गोळा करून चाळून घ्या आणि पाच-सहा तुम्हीच वाचा. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुलांना वाचायला देऊ नका. कोणाला ओळखता येईल असा तपशील असेल तर तो कागद बाजूला ठेवा. वाचताना शेरा मारू नका आणि ‘तू जशी आहेस तशीच सुंदर आहेस’ असं म्हणू नका. मनापासून म्हटलं तरी त्याने विषय पुन्हा सुंदर असण्या-नसण्यावरच येतो, आणि ज्याला ते पटत नाही तो गप्प होतो.

मग २० मिनिटांचं लेखन, हा या आराखड्याचा कणा आहे. परिस्थिती अशी द्या: १० वर्षांचं लहान भावंड फोटो दाखवून विचारतंय, ‘दादा, पाठवायच्या आधी गाल थोडे बारीक करू का? सगळे करतात.’ प्रत्येकाने त्याला ७-८ वाक्यांत उत्तर लिहायचं. अटी दोन. ‘नको करू’ एवढंच चालणार नाही, कारण द्यायचं. आणि भावंडाच्या दिसण्याचं कौतुक करून पटवायचं नाही. दुसरी अट मुलांना अवघड जाते, पण तिच्यामुळेच ती खोलात जातात. कोणीतरी कपांचं गणित लिहील, कोणी लिहील की एकदा बारीक केलेला फोटो टाकला की पुढचाही करावा लागतो, नाहीतर भेटल्यावर लोक काय म्हणतील. एवढं नेमकं कारण तुमच्या व्याख्यानातून येणार नाही.

हे लिहायला का लावायचं? आपणच मांडलेली बाजू आपल्याला जास्त पटते. वागणं आणि बोलणं यांत अंतर पडलं की मन अस्वस्थ होतं आणि ते अंतर मिटवायला बघतं. शरीराबद्दलची नाराजी कमी करण्याच्या ज्या पद्धती चाचण्यांमध्ये चांगल्या ठरल्या, त्यांत या तत्त्वावर उभ्या असलेल्या पद्धती पुढे आहेत. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात: भाग घेणं ऐच्छिक हवं, आणि लिहिलेलं चारचौघांत बोललं जायला हवं. म्हणून ज्यांची तयारी आहे त्यांनी वाचायचं, इतरांनी फक्त ऐकायचं. या लेखनाला गुण देऊ नका. गुण आले की मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितात, आणि ते त्यांचं स्वतःचं राहत नाही.

शेवटची १० मिनिटं कमेंटवर. फळ्यावर तीन नमुने लिहा: ‘किती बारीक झालीस!’, ‘ओळखूच आली नाहीस, मस्त’, ‘स्किन काय ग्लो करतेय’. तिन्ही कौतुकाच्या आहेत. प्रत्येकीतून पुढच्या फोटोत काय अपेक्षित आहे असं वाचणाऱ्याला वाटेल, ते गटांनी सांगायचं. पहिल्या कमेंटचं उत्तर बहुतेक वेळा ‘आता पुन्हा जाड दिसायचं नाही’ असं येतं. मग त्याच फोटोखाली दिसण्याला न धरता काय लिहिता येईल ते प्रत्येकाने एक-एक सुचवायचं. फोटो कुठला, तिथे काय चाललंय, सोबत कोण आहे याकडे मग लक्ष जातं.

दोन्ही तासिकांत वजनाचे आकडे, खाण्याच्या सवयी किंवा उपाशी राहण्याचे किस्से येऊ देऊ नका. सावध करण्यासाठी सांगितलेले तपशील काही मुलं कृती म्हणून लक्षात ठेवतात. विषय तिकडे गेला तर ‘हे महत्त्वाचं आहे, आपण वेगळं बोलू’ म्हणून परत आणा, आणि खरोखर वेगळं बोला.

तासिका संपताना सगळ्यांना एक चिठ्ठी द्या. त्यावर काहीतरी लिहायचंच आहे, एक तर ‘आज नवीन कळलेली गोष्ट’, नाहीतर नाव आणि ‘मला बोलायचंय’. सगळेच लिहीत असल्यामुळे कोणी काय लिहिलं ते शेजाऱ्याला कळत नाही. नाव आलं तर त्याच दिवशी भेटा. चिठ्ठी न येताही काही खुणा दिसतात: ग्रुप फोटो कायम टाळणं, बोलताना सतत हाताने चेहरा झाकणं, आरशासमोर किंवा फोनच्या कॅमेऱ्यात एकच जागा पुन्हा पुन्हा तपासणं, डबा न खाता परत नेणं. इतरांना न दिसणाऱ्या किंवा किरकोळ वाटणाऱ्या व्यंगात मन अडकून पडणं हा बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचा आजार असू शकतो, आणि तो बहुधा याच वयात सुरू होतो. ‘कुठे काय आहे, काहीच दिसत नाही’ असं समजावल्याने तो हटत नाही. अशा वेळी पालकांशी बोलून समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, तासिकेतून ते सुटणार नाही.

चार आठवड्यांनी १५ मिनिटं काढा. मुलांनी लिहिलेली उत्तरं त्यांना परत द्या आणि आज त्यात एक वाक्य वाढवायला सांगा. ‘मी हे लिहिलं, पण परवा मीच फिल्टर लावला’ असं कोणी लिहिलं तर ते अपयश समजू नका, त्यावरच पाच मिनिटं बोला: कोणता फोटो होता, कोण बघणार होतं, लावला नसता तर काय होईल असं वाटलं. उत्तरं कोरडी आणि एकसारखी आली, सगळ्यांनी ‘आपण जसे आहोत तसे छान आहोत’ एवढंच लिहिलं, तर समजा की मुलांनी तुम्हाला हवं ते लिहिलंय. अशा वेळी पुढच्या वर्गाला कौतुक न करण्याची अट जास्त ठामपणे सांगा आणि लेखनाचा वेळ ५ मिनिटांनी वाढवा.